आभार माना, पण माणूस उघडा पाडू नका

ताई, लोकांसमोर टाकण्यासाठी लिहिलेला तुमचा आभाराचा मजकूर वाचला. कर्वे रोडवर बाबांची दुचाकी घसरली आणि एका रिक्षावाल्या दादांनी त्यांना रुग्णालयात पोचवलं, हे मनापासून लिहिलंय. पण त्यात रिक्षाचा नंबर, स्टँड, वेळ आणि रुग्णालयाचं नाव एकत्र आलंय. यातली एकेक गोष्ट निरुपद्रवी वाटते, पण चारही जुळल्या की त्या स्टँडवरचा कुणीही दादांना ओळखेल.

नंबर, स्टँड आणि रुग्णालय काढून टाका. 'मंगळवारी सकाळी ८:४०' ऐवजी 'गेल्या आठवड्यात, सकाळच्या गर्दीत' आणि रस्त्याऐवजी 'कोथरूडच्या बाजूला' पुरेसं आहे. बाबांच्या दुखापतीचा तपशीलही नको. ती त्यांची खासगी गोष्ट आहे. फोटो तर नकोच, मागची पाटीसुद्धा जागा सांगते.

दादांनी काय केलं ते मात्र सविस्तर ठेवा: बाबांचं डोकं मांडीवर घेतलं, तुम्ही येईपर्यंत थांबले, भाडं घेतलं नाही. आभार त्यातच आहेत.

एक खूण मात्र मुद्दाम वगळा, उदाहरणार्थ त्यांनी जखमेवर काय बांधलं होतं. उद्या 'तो मीच' म्हणत कुणी आलं, तर खासगीत तेवढंच विचारा.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. त्याखालच्या नियमांनुसार अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. दादांनी नाव सांगितलं नव्हतं ना? मग ते शोधून द्यायला लोकांना सांगणारी शेवटची ओळही काढा.