गोलकीपरचा सराव: आधी पकड आणि जागा, मग डाईव्ह

प्रश्न: माझा ११ वर्षांचा मुलगा खारघरला गोलकीपर म्हणून खेळतो. डाईव्ह मारली की पोटावर आदळतो, कोपर सोलवटते. सराव कसा घ्यावा?

सरावानंतर त्याची जर्सी नीट पाहा. माती पोटावर असेल, तर तो पडतापडता जमिनीकडे वळतो आहे. कोपरावर असेल, तर हात टेकून पडतो आहे. डाईव्ह बरोबर असेल तेव्हा माती मांडीच्या बाहेरच्या अंगाला, कमरेच्या कडेला आणि खांद्याच्या बाजूला लागते.

नेरुळला मी याच वयाच्या मुलांचा तासाभराचा सराव घेतो आणि त्यातली पहिली पंधरा मिनिटे केवळ पकडीला देतो. छातीच्या वर येणाऱ्या चेंडूमागे दोन्ही अंगठे जवळ आणि बोटे पसरलेली असावीत. खालून येणाऱ्या चेंडूला करंगळ्या जवळ आणून, वाकून, चेंडू छातीशी घ्यावा. या वयाला ४ नंबरचा चेंडू द्यावा, कारण ५ नंबरचा लहान हातांत मावत नाही.

त्यानंतर जागा शिकवावी. एक लांब दोरी दोन्ही खांबांना बांधून तिचा मधला भाग चेंडूपाशी धरला की मुलाला गोलचा कोन डोळ्यांनी दिसतो. गोल १६ फुटांचा आणि चेंडू समोर १२ मीटरवर असेल, तर रेषेवर त्याला १६ फूट सांभाळावे लागतात. तो ३ मीटर पुढे आला की दोऱ्यांमधले अंतर १२ फूट उरते, म्हणजे प्रत्येक बाजूला ६ फूट. त्यामुळे पुष्कळदा डाईव्हची गरजच उरत नाही. मात्र फार पुढे आला, तर डोक्यावरून चेंडू जातो, हेही त्याच दोरीपाशी करून दाखवावे.

डाईव्हची सुरुवात गुडघ्यांवर बसून करावी. गेल्या वर्षी माझ्याकडची एक १२ वर्षांची मुलगी डावीकडे नेहमी कोपरावर पडत असे. तिच्या हातांत चेंडू देऊन, तो शरीरापुढे धरून कुशीवर कलंडायला सांगितले; चेंडू आधी जमिनीला लागला पाहिजे, एवढीच अट होती. दोन्ही हात चेंडूवर असल्यामुळे कोपर टेकायला मोकळे राहिलेच नाही. ते जमल्यावर उकिडवे बसून, मग उभे राहून, आणि शेवटी सरपटत येणाऱ्या चेंडूवर, अशा क्रमाने तिने आठ सराव केले.

उभ्याने डाईव्ह मारताना चेंडूच्या बाजूचा पाय तिरका पुढे टाकावा, खालचा हात चेंडूच्या मागे आणि वरचा हात चेंडूवर ठेवून तो जमिनीशी दाबावा. पाय सरळ बाजूला टाकला की अंग मागे जाते आणि चेंडू हाताला लागूनही गोलमध्ये शिरतो. हिवाळ्यानंतर आपल्याकडची मैदाने टणक होतात, तेव्हा लांब पँट घालावी आणि एका बाजूला दहापेक्षा जास्त डाईव्ह घेऊ नयेत. थकलेला मुलगा पुन्हा पोटावर पडू लागला की त्या दिवसापुरती डाईव्ह थांबवून पकडीकडे वळावे.