४८०० वर स्कॅन करून निम्मं करणं: फायदा कुठे होतो, कुठे नाही

प्रश्न: फ्लॅटबेड स्कॅनरवर ३५ मिमी निगेटिव्ह ४८०० डीपीआयला स्कॅन करून नंतर २४०० ला लहान केली, तर चित्र खरंच जास्त शार्प आणि कमी नॉइझी होतं का? की सरळ २४०० लाच स्कॅन करू?

उत्तर: बहुतेकदा होतं, पण नवा तपशील मिळतो म्हणून नाही.

फिल्म स्कॅन करणाऱ्या चांगल्या फ्लॅटबेडची लेन्स प्रत्यक्षात साधारण २३०० डीपीआयइतकाच तपशील वेगळा करून दाखवते, खोक्यावर आकडा कितीही मोठा असो. त्यामुळे ४८०० ची फाइल १०० टक्क्यांवर पाहिली की मऊ दिसते. एकच रेष तीन-चार पिक्सेलवर पसरलेली असते. फाइल निम्मी केली की तीच रेष दीड-दोन पिक्सेलवर येते आणि कड धारदार वाटते. हरवलेलं काहीच परत आलेलं नसतं, पोकळ मोठेपणा तेवढा गेलेला असतो.

खरा फायदा दोन गोष्टींत आहे. पहिली नॉइझ. २४०० चा एक पिक्सेल चार नमुन्यांच्या सरासरीतून बनतो आणि चार स्वतंत्र नमुन्यांची सरासरी घेतली की नॉइझ निम्मा होतो. यात ‘स्वतंत्र’ हा शब्द महत्त्वाचा. सेन्सरचा नॉइझ प्रत्येक नमुन्यात वेगळा असतो, म्हणून तो कमी होतो. निगेटिव्हच्या सगळ्यात दाट भागात, म्हणजे फोटोतल्या आकाशात किंवा पांढऱ्या कपड्यांत, हा फरक दिसतो. फिल्मचे कण मात्र लेन्सच्या मऊपणामुळे शेजारच्या नमुन्यांतही सांडलेले असतात, त्यामुळे ते तेवढे दबत नाहीत. स्कॅनच्या दिशेने जाणाऱ्या बारीक पट्ट्याही फारशा जात नाहीत, कारण त्या रांगेतल्या प्रत्येक नमुन्यात सारखीच चूक असते. तिथे सेन्सरचं कॅलिब्रेशन आणि काच पुसणं हाच उपाय.

दुसरी गोष्ट एलियासिंग. थेट १२०० सारख्या कमी डीपीआयला स्कॅन केलं आणि स्कॅनरने मधले नमुने नुसते गाळले, तर कणांची बारीक रचना पकडायला नमुने अपुरे पडतात. ती रचना मग जाड, ठिपकेदार कण बनून उमटते. फिल्म आहे त्यापेक्षा खरखरीत दिसते आणि दोष फिल्मला दिला जातो. जास्त डीपीआयला स्कॅन करून नंतर सरासरीने लहान केलं की हे टळतं.

आता एक ३६ × २४ मिमीची फ्रेम घेऊ. ४८०० ला ती साधारण ६८०० × ४५३५ पिक्सेल होते. ४८ बिट रंगात फाइल १८५ एमबीच्या आसपास जाते. निम्मी केल्यावर ३४०० × २२६८ आणि सुमारे ४६ एमबी. स्कॅन करताना ड्रायव्हरमधलं शार्पनिंग आणि ऑटो एक्स्पोजर बंद ठेवा. आधी शार्प केलं तर नॉइझही धारदार होतो आणि मग सरासरीला त्याच्याशीच झगडावं लागतं. फाइल १६ बिट टिफच ठेवा.

लहान करताना लिनिअर प्रकाशात करा. काळ्या आणि पांढऱ्या पिक्सेलची sRGB मध्ये सरळ सरासरी १२८ येते, प्रकाशाच्या हिशेबाने ती १८८ हवी. बारीक उजळ रेषा या फरकामुळे काळवंडतात. इमेजमॅजिकमध्ये असं:

```
magick neg.tif -colorspace RGB -filter Box -resize 50% \
  -colorspace sRGB -depth 16 neg-half.tif
```

इथे `RGB` म्हणजे लिनिअर. बरोबर निम्म्यासाठी `Box` पुरतो, कारण तो नेमके चार पिक्सेल मिसळतो. `-sample` वापरू नका. तो चारातला एक उचलतो आणि तीन टाकून देतो, म्हणजे सगळी मेहनत वाया. शार्पनिंग यानंतर करा, त्रिज्या ०.५ ते ०.८ पिक्सेल.

तुमच्या स्कॅनरला याची गरज आहे का, हे मोजूनच ठरवा. काही ड्रायव्हर २४०० मागितल्यावर आतल्या आत सरासरी काढतात, काही नमुने गाळतात. फिल्मचा प्रकाश लागून पूर्ण काळा झालेला सुरुवातीचा तुकडा एकाच एक्स्पोजरने दोन्ही पद्धतींनी स्कॅन करा आणि फोटोशॉपच्या हिस्टोग्राम पॅनलमध्ये तोच भाग निवडून `Std Dev` वाचा. निम्म्या केलेल्या फाइलचा आकडा स्पष्टपणे कमी आला तर पद्धत कामाची. जवळपास सारखा आला तर थेट २४०० ला स्कॅन करा आणि वेळ वाचवा.

ड्रायव्हर ९६०० किंवा १२८०० देत असेल तर आधी स्कॅनरचं ऑप्टिकल रिझोल्यूशन पाहा. त्यापुढचे पिक्सेल शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेले असतात. त्यांची सरासरी काढून नॉइझ आणखी घटत नाही, फाइल तेवढी फुगते. आणि प्रिंट एकाच मापाची काढणार असाल, तर ४८०० ची फाइल आणि तिची निम्मी केलेली प्रत यांत कागदावर फरक जवळजवळ दिसणार नाही. तुलना करायची ती थेट २४०० च्या स्कॅनशी.