गुरुजींचा ट्रस्ट आणि डीडमधली वारसाची ओळ

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातला निवृत्त मुख्याध्यापक. पत्नीच्या नावाने शैक्षणिक ट्रस्ट करायचा आहे. पंचवीस लाखांची ठेव आणि गावातलं वडिलोपार्जित घर त्यात देईन. घरात अभ्यासिका चालवायची आणि गरीब मुलांना शिष्यवृत्ती द्यायची. मी, मुलगा, मुलगी आणि दोन माजी विद्यार्थी असे पाच विश्वस्त. ओळखीच्या टायपिस्टाने मसुदा दिला आहे. त्यात बावीस उद्देश आहेत, "विश्वस्तांना मिळकत विकण्याचे, भाड्याने देण्याचे व कर्ज काढण्याचे संपूर्ण अधिकार" आहेत आणि "माझ्या पश्चात विश्वस्तपद थोरल्या मुलाकडे व पुढे वंशपरंपरेने" असं लिहिलं आहे. शिष्यवृत्तीत आमच्या समाजातली मुलं आणि भावाची नातवंडं यांना प्राधान्य द्यावं असं वाटतं. सही करू का?

उत्तर : गुरुजी, सादर नमस्कार. या मसुद्यावर सही करू नका. त्यातली सगळ्यांत धोक्याची ओळ वारसाची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

"वंशपरंपरेने" या शब्दात तुमच्या मुलाच्या पश्चात काय होईल हे ठरल्यासारखं वाटतं, पण पाच जागांपैकी फक्त एकीचंच ठरतं. मुलगी, तुमचे दोन माजी विद्यार्थी आणि मुलगा या चौघांपैकी कोणी गेलं, परदेशी गेलं किंवा कंटाळून राजीनामा दिला तर त्यांच्या जागी कोण येणार, याबद्दल मसुदा गप्प आहे. थोरल्या मुलाला अपत्य नसेल, किंवा त्याच्या मुलाला ट्रस्टमध्ये रसच नसेल, तर तुमची ती एक जागाही कोरडी पडते. विश्वस्तपद ही मिळकत नाही. डीडने, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेच्या दस्ताने, मुभा दिल्याशिवाय कोणी ते मृत्युपत्राने दुसऱ्याला देऊ शकत नाही.

माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो, नावं न घेता. पाच विश्वस्तांची छोटी शैक्षणिक संस्था होती. पंधरा वर्षांत तीन विश्वस्त वारले. डीडमध्ये फक्त "रिक्त जागा विश्वस्तांनी भराव्यात" एवढंच होतं, आणि गणपूर्ती तिघांची होती. उरलेले दोघे सभा घेऊन नवीन विश्वस्त नेमू शकत नव्हते, कारण गणपूर्तीच होत नव्हती. त्यांनी तरी ठराव केला आणि त्याचा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची माहिती, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल केला. वारलेल्यांपैकी एकाच्या मुलाने त्याला हरकत घेतली. निकाल होईपर्यंत बँकेने सह्या बदलून दिल्या नाहीत, ठेवीचं व्याज पडून राहिलं आणि मुलांची फी थांबली. शेवटी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४७ खाली धर्मादाय आयुक्तांकडून विश्वस्त नेमून घ्यावे लागले. कोणी पैसा खाल्ला नव्हता. दोन ओळी लिहायच्या राहिल्या होत्या, एवढंच.

तुमच्या डीडमध्ये वारसाचं कलम साधारण असं असावं असं मला वाटतं :

"विश्वस्तांची संख्या पाचपेक्षा कमी व सातपेक्षा जास्त नसेल. एक जागा संस्थापकाच्या वंशातील सज्ञान व इच्छुक व्यक्तीसाठी राखीव राहील. अशी व्यक्ती नव्वद दिवसांत पुढे न आल्यास ती जागा इतरांप्रमाणे भरली जाईल. इतर विश्वस्तांचा कार्यकाळ पाच वर्षांचा राहील. फेरनेमणुकीस ते पात्र असतील. मृत्यू, राजीनामा, लेखी वैद्यकीय मताने सिद्ध झालेली असमर्थता, अथवा लागोपाठ तीन सभांना विनाकारण गैरहजेरी यामुळे जागा रिक्त होईल. रिक्त जागा उरलेल्या विश्वस्तांनी साठ दिवसांत बहुमताने भरावी. संख्या पाचपेक्षा, किंवा गणपूर्तीपेक्षाही, कमी झाली तरी उरलेले विश्वस्त, एकच उरला असला तरी, केवळ रिक्त जागा भरण्यापुरते काम करू शकतील."

शेवटचं वाक्य त्या प्रकरणात नव्हतं. असमर्थतेचं कारणही मुद्दाम घातलं आहे. विस्मरणाच्या आजारात माणूस जिवंत असतो, राजीनामा देऊ शकत नाही आणि बँकेत मात्र त्याचीच सही लागते. पाचही जणांचा कार्यकाळ एकाच दिवशी संपू नये म्हणून पहिल्या नेमणुकीत दोघांना तीन वर्षं आणि दोघांना पाच वर्षं द्या. मुलाला तहहयात ठेवायचं मनात असेल, तर २०२५ मध्ये राज्याने आजीव विश्वस्तांवर मर्यादा घालणारी दुरुस्ती केली आहे. तुमच्या वकिलाला तो मजकूर समोर ठेवूनच ही ओळ लिहायला सांगा. मुलाला डावला असं मी म्हणत नाही. त्याच्यासाठी एक जागा राखा, सगळी संस्था त्याच्या एकट्याच्या आयुष्याला बांधू नका.

नोंदणीनंतर विश्वस्तांत झालेला प्रत्येक बदल कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत चेंज रिपोर्टने कळवावा लागतो. ठराव, सभेची नोटीस, हजेरी आणि नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र त्याला जोडतात. नेमणूक डीडप्रमाणे झाली का, हाच प्रश्न तिथे तपासला जातो. म्हणून नोटीस किती दिवसांची आणि गणपूर्ती किती, हेही डीडमध्येच लिहा. सात दिवसांची नोटीस आणि तिघांची गणपूर्ती तुम्हाला पुरेशी आहे.

आता "संपूर्ण अधिकारां"कडे येतो. ती ओळ वाचायला भारदस्त आहे, पण महाराष्ट्रात तिला फारसा अर्थ नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे, डीडमध्ये काहीही लिहिलेलं असलं तरी, ट्रस्टची स्थावर मिळकत विकणं, बदलणं किंवा बक्षीस देणं यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची असली तरी ती लागते. कर्ज काढण्यावरही कलम ३६ए चे निर्बंध आहेत. त्या मोठ्या वाक्याऐवजी नेमकी कामं लिहा : बँक खातं चालवणं, ठेवी कायद्याने मान्य केलेल्या मार्गांनीच ठेवणं, ग्रंथपाल व मदतनीस नेमणं, शिष्यवृत्तीचे निकष ठरवणं, दावे चालवणं. मिळकत आणि कर्जाबद्दल "कायद्यातील तरतुदींच्या अधीन राहून" एवढं म्हणणं पुरे. खात्यावर कोणत्याही दोन विश्वस्तांच्या संयुक्त सह्या ठेवा, आणि त्या दोघांपैकी एक तरी तुमच्या घराबाहेरचा असू द्या.

बावीस उद्देशांपैकी गोशाळा, आरोग्य शिबिरं, व्यसनमुक्ती, तीर्थयात्रा अशा ओळी मी खोडायला सांगेन. पंचवीस लाखांवर समजा सात टक्क्यांनी व्याज धरलं, तर वर्षाला १,७५,००० रुपये येतात. आयकर सवलत टिकवायची तर साधारण ८५ टक्के, म्हणजे १,४८,७५० रुपये, त्या वर्षीच उद्देशांसाठी खर्च व्हायला हवेत. एवढ्या रकमेत अभ्यासिका आणि शिष्यवृत्ती नीट चालेल, गोशाळा नाही. शिवाय उद्देश पसरट असले की नोंदणीच्या वेळी आयकर खातं प्रत्येक उद्देशाचा खुलासा मागतं. तीन उद्देश पुरेत : विनामूल्य अभ्यासिका व वाचनालय चालवणं, आर्थिकदृष्ट्या गरजू विद्यार्थ्यांना फी, पुस्तकं व वसतिगृह खर्चासाठी शिष्यवृत्ती देणं, आणि गावपरिसरातल्या शाळांतून शैक्षणिक मार्गदर्शन वर्ग घेणं. सगळं काम भारतातच आणि नफ्याच्या हेतूशिवाय चालेल, हेही स्पष्ट लिहा.

समाज आणि भावाची नातवंडं यांच्याबद्दल मात्र कडू बोलावं लागेल. सार्वजनिक धर्मादाय ट्रस्ट एखाद्या विशिष्ट जातीच्या किंवा धर्माच्या लाभासाठी स्थापन केला, तर आयकराची सवलत जाते. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांना त्यातून वगळलेलं आहे. तुमचा समाज मागासवर्गात मोडत नसेल तर जातीचा उल्लेख डीडमध्ये येऊच देऊ नका. "आर्थिकदृष्ट्या गरजू" हा निकष तुमच्या समाजातल्या गरीब मुलालाही सामावून घेतोच. भावाच्या नातवंडांची गोष्ट आणखी कडक आहे. संस्थापकाच्या आणि विश्वस्तांच्या नातलगांना ट्रस्टच्या पैशातून लाभ दिला तर सवलत धोक्यात येते, आणि नातलगांच्या कायद्यातल्या व्याख्येत भावाचे थेट वंशजही बसतात. त्यांची फी तुम्ही स्वतःच्या खिशातून भरा, ते अगदी चोख आहे. ट्रस्टमधून नको.

घराचं तेवढंच महत्त्वाचं. ते वडिलोपार्जित असेल तर तुम्ही एकटे ते देऊ शकत नाही. त्यात मुलाचा आणि मुलीचा जन्मतः हिस्सा असू शकतो, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही, आणि वाटणी झाली नसेल तर भावाचाही. आधी उतारा काढा. मालकीत कोणाकोणाची नावं आहेत ते पाहा आणि सर्व हिस्सेदारांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या किंवा त्यांना देणाऱ्यांमध्ये सामील करा. घर ट्रस्टला देणारा दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागेल आणि त्यावर मुद्रांक शुल्क लागेल. हे सगळं व्हायला वेळ लागणार असेल तर ठेवीवर ट्रस्ट सुरू करा. घर नंतर देता येतं, आणि तोपर्यंत अभ्यासिकेला ते लेखी परवानगीने वापरायला द्या.

डीडमध्ये आणखी दोन गोष्टी हव्यात. पहिली, ट्रस्ट अपरिवर्तनीय असून तो बंद पडल्यास शिल्लक मालमत्ता समान उद्देशाच्या दुसऱ्या नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टलाच जाईल, कोणत्याही विश्वस्ताला किंवा वारसाला नाही. दुसरी, दुरुस्तीची पद्धत : कामकाजाचे नियम तीन-चतुर्थांश बहुमताने बदलता येतील, मूळ उद्देश मात्र कायद्यातल्या मार्गानेच. एकदा सही झाली की उद्देश बदलायचा अधिकार तुमच्याही हातात राहत नाही. मग कलम ५०ए खाली धर्मादाय आयुक्तांकडून योजना करून घ्यावी लागते. तो रस्ता लांबचा आहे.

मुलांशी आणि त्या दोन विद्यार्थ्यांशी बसून वारसाचं कलम मोठ्याने वाचा, आणि "यांतले दोघे उद्या नसले तर काय?" हा प्रश्न प्रत्येकाला विचारा. उत्तर मसुद्यात सापडलं की डीड करा, आणि ट्रस्ट स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत सांगलीच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे कलम १८ प्रमाणे नोंदणीचा अर्ज द्या. सुधारलेला मसुदा आधी पाठवलात तर मी तो ओळीओळीने तपासून देईन.