वही भरली, चुका मात्र त्याच

"मॅडम, जुने पेपर सोडवताना झालेली प्रत्येक चूक मी वहीत लिहून ठेवते. वही भरत आली, तरी पुढच्या पेपरात पुन्हा तसंच होतं. परीक्षेआधी ही वही वाचून काही उपयोग होईल का?"

अशीच एक वही घेऊन मागे एक विद्यार्थिनी आली होती. प्रश्न नीट उतरवलेले, खाली हिरव्या शाईत बरोबर उत्तर आणि कारणाच्या जागी पानोपानी एकच शेरा: ‘सिली मिस्टेक’. तिने स्वतः काय लिहिलं होतं, ते मात्र वहीत कुठेच नव्हतं.

म्हणून मी तिचे सोडवलेले पेपर मागवले. एका गणितात वेग ताशी ७२ किलोमीटर, वेळ १५ सेकंद, अंतर मीटरमध्ये काढायचं. तिने सरळ ७२ गुणिले १५ करून १०८० लिहिलं होतं. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, त्यामुळे उत्तर येतं ३०० मीटर. दुसऱ्या पेपरात वर्तुळाचा व्यास १४ सेंटिमीटर दिलेला. तिने तीच त्रिज्या धरली आणि १५४ ऐवजी क्षेत्रफळ ६१६ चौरस सेंटिमीटर काढलं. वहीत ही दोन गणितं वेगवेगळ्या धड्यांखाली होती, पण चूक एकच होती. दिलेली संख्या कशाची आहे हे न बघता ती सूत्रात घालत होती.

मग कारणाच्या जागी आम्ही करायची कृती लिहिली: ‘सूत्रात घालण्याआधी प्रत्येक संख्येपुढे ती कशाची आणि कोणत्या एककात, ते लिही.’ ‘नीट लक्ष दे’ असं लिहून भागत नाही, कारण त्यातून हाताने नेमकं काय करायचं ते कळत नाही.

कारण लिहिण्याआधी एक तपासणी मात्र कर. उत्तर न बघता, घड्याळ न लावता तेच गणित पुन्हा सोडव. सुटलं, तर चूक सवयीची आहे. नाही सुटलं, तर मुळात तो भागच समजलेला नाही; तिथे वही पुरणार नाही, धड्याकडेच जावं लागेल.

उजळणी म्हणजे नुसतं वाचणं नव्हे. बरोबर उत्तर समोर असलं की सगळं येतंय असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. उत्तर झाकून गणित तीन-चार दिवसांनी सोडव, मग आठवड्याने पुन्हा. दोन्ही वेळा जमलं तर त्या नोंदीवर काट मार. परीक्षा जवळ येईपर्यंत उरलेल्या नोंदींच्या कृती एका पानात मावायला हव्यात. त्या मुलीच्या पानावर मोजक्याच ओळी उरल्या होत्या आणि एककाची ओळ सर्वांत वर होती. आदल्या संध्याकाळी तेवढंच पान वाच. त्या वेळी नवा पेपर सोडवायला घेऊ नकोस. त्यात निघालेली चूक दुरुस्त करायला हातात वेळच उरलेला नसतो.