३० किलो आणि आठवड्याचा हिशेब

«वय ३८, उंची १६० सेंमी, वजन ९८. डॉक्टर म्हणतात ६८ पर्यंत या. चार महिन्यांनी बहिणीचं लग्न आहे. एका सेंटरमध्ये चार महिन्यांत ३० किलोची हमी देतायत. आठवड्याला पावणेदोन किलो खरंच जमतं का?»

जमत नाही. तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला, कारण सहा वर्षांपूर्वी मी अशाच एका सेंटरमध्ये पैसे भरले होते. वजनही जवळपास तुमच्याइतकंच होतं. मी डॉक्टर नाही, सोसलेलं आणि नंतर नीट समजून घेतलेलं सांगतेय. मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण वजन उतरतं तसा डोस बदलावा लागतो. गोड बंद करा, चाला वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल, ते सोडून देते.

आधी त्या हमीचा हिशेब करू. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. आठवड्याला पावणेदोन किलो म्हणजे रोज सुमारे १९०० कॅलरींची तूट. तुमचं वय, उंची, वजन आणि फारशी धावपळ नसलेला दिवस धरला, तर शरीर दिवसभरात साधारण २१०० कॅलरी खर्च करतं. मग खायला उरल्या २००. म्हणजे दोन पोळ्या, त्याही कोरड्या. हे गणित मला तेव्हा कुणी करून दाखवलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

माझी सर्वांत महागात पडलेली चूक म्हणजे पहिल्या आठवड्यावर विश्वास ठेवला. त्या आठवड्यात काटा ३.२ किलोने खाली आला. तिथल्या बाईंनी माझ्या कार्डावर लाल पेनने एक सरळ तिरकी रेघ ओढली, चौथ्या महिन्याच्या शेवटापर्यंत, आणि म्हणाल्या, "याच वेगाने गेलात तर तारखेआधीच पोचाल." ते बहुतांश पाणी होतं. भात-पोळी एकदम कमी केली की यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणीही निघून जातं. असं एकदाच होतं. पण मी ती रेघ खरी मानली. दर शनिवारी माझा आकडा रेघेच्या वर असायचा आणि दर शनिवारी माझं जेवण आणखी कापलं जायचं. वजन करायच्या दिवशी मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायचे नाही. शेवटी ताकातली काकडी आणि दोन वाट्या सूप यावर आले.

पंधरा आठवड्यांत १९ किलो गेले. त्यात स्नायू किती गेले हे मला काट्याने नाही, पाण्याच्या बादलीने सांगितलं. भरलेली बादली बाथरूममधून गच्चीपर्यंत नेता येईना. तिसऱ्या महिन्यात केस मुठीने गळू लागले. आणि एका रात्री तूप घातलेली पुरणपोळी खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की सरळ बसता येईना. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. सर्जननी सांगितलं की आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरवलं की हा धोका वाढतो. त्यातून जेवणात स्निग्ध पदार्थ अगदी नसले, तर पित्ताशय नीट रिकामं होत नाही. पित्ताशय काढावं लागलं. सेंटरला फोन केला, तर "तुम्ही डाएट मोडलंत" एवढंच उत्तर मिळालं. वर्षभरात १४ किलो परत आले. याचा राग आजही आहे, म्हणून इतकं लांबलचक लिहितेय.

आता खरा वेग. मूळ गोष्ट ही की ताट तेच ठेवलं तरी वेग आपोआप कमी होत जातो, कारण हलक्या शरीराचा खर्चच कमी असतो. तुम्ही रोज १४०० कॅलरी खाल्ल्या असं धरू. ९८ किलोला खर्च २१००, तूट ७००, म्हणजे आठवड्याला साधारण ६५० ग्रॅम. ७८ किलोला खर्च १८५० च्या आसपास, वेग ४०० ग्रॅम. ६८ जवळ आल्यावर ३०० ग्रॅम. म्हणून ३० किलोची एक रेघ ओढू नका, तीन टप्पे करा. पहिले १० किलो सुमारे १७ आठवडे, दुसरे २१, शेवटचे २८. झाले ६६. त्यात दिवाळी, आजारपण, परीक्षा आणि मुद्दाम वजन स्थिर ठेवायचे काही आठवडे असे दहा धरा. ७६ आठवडे, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. दुसऱ्या खेपेला मी ७६ धरले होते, लागले ८३.

शेवटच्या टप्प्यात वेग वाढवायला १४०० चे ११०० करू नका. बाईने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय १२०० च्या खाली जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. त्यापेक्षा चालणं वाढवा. दिवसाला ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पोटात जाऊ द्या आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचला, म्हणजे जातं त्यात चरबीच जास्त असते.

वेग बरोबर आहे का, हे एका दिवसाच्या काट्यावरून कळत नाही. सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाआधी वजन करा, लिहून ठेवा आणि सात दिवसांची सरासरी काढा. पाळीच्या आधी किंवा पापड-लोणच्याच्या जेवणानंतर एक-दीड किलो पाणी सहज चढतं. म्हणून ही सरासरी मागच्या आठवड्याशी नको, चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडून पाहा. चार आठवडे काहीच हललं नाही, तर जेवण कापण्याआधी मोजमाप तपासा. माझ्याकडे चोर तेल निघालं. महिन्याला माणशी एक लिटर तेल लागत असेल, तर रोजच्या २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या होतात. मी पोळ्या मोजत बसले होते आणि फोडणीला बुधलीतून धार सोडत होते. महिन्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवा, कुणालाही न दुखावता कळतं किती गेलं. उलट पहिले दोन आठवडे सोडून सरासरी दर आठवड्याला एक किलोहून जास्त घसरत असेल, तर खाणं वाढवा. थकवा आणि केसगळतीची वाट बघू नका.

म्हणजे लग्नाच्या दिवशी तुम्ही ८८ च्या आसपास असाल, सुरुवातीचं पाणी धरून कदाचित ८६. वजनाच्या दहा टक्क्यांची घट झाली की साखर आणि बीपीच्या आकड्यांत बहुतेकदा फरक दिसतो, तेव्हा लग्न आटोपल्यावर तपासण्या करून घ्या. लग्नानंतरचे दोन आठवडे स्थिर वजनाचे धरा, तूट नको. आणि ब्लाऊजचं माप आत्ता देऊ नका. तीन आठवडे आधी द्या आणि शिंप्याला आत भरपूर कापड सोडायला सांगा.