ताटाचं डावं-उजवं आणि पिवळं पडलेलं जेवण

"बाबा, शनिवारी फ्लॅटमधल्या दोघी माझ्याकडे जेवायला आहेत. वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळी असं आपलं साधंच करणार आहे. पण मी वाढलं की सगळं ताट पिवळं दिसतं. आजी हेच पदार्थ वाढते तेव्हा ते इतकं छान कसं दिसतं?"

प्रिय चिऊ,

आजीचा हात वाढण्यात चांगला आहेच, पण अर्धं काम ती ताट हातात घेण्याआधी गॅसपाशीच उरकते. तिथे ती हळदीचा हिशोब करते. वरणात हळद, भाजीच्या फोडणीत हळद आणि सवयीने कोशिंबिरीवरच्या फोडणीतही हळद घातली, तर वाढणाऱ्याने काहीही केलं तरी ताट पिवळंच दिसणार. म्हणून आधी ठरव की आज पिवळा रंग कोणाचा. गोडं वरण असेल तर तो मान वरणाचा, कारण पांढऱ्या भातावर ते पिवळंच शोभतं. वाटीभर तूरडाळीला पाव चमचा हळद पुरे. त्याहून जास्त घातलीस तर रंग भडक होतो आणि चवीलाही हळद लागते.

मग बटाट्याने दुसरा रंग घ्यायला हवा. उकडलेल्या बटाट्याची पिवळी भाजी करण्याऐवजी काचऱ्या कर. तिघींसाठी ४ मध्यम बटाटे घे, उभे अर्धे करून पातळ काप कर. काप पाण्यातून काढून फडक्यावर नीट कोरडे कर, नाहीतर ते एकमेकांना चिकटतात आणि खरपूस होत नाहीत. पसरट कढईत ३ मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग आणि हळद फक्त चिमूटभर. हळद मोहरी तडतडल्यावर घालायची आणि लगेच बटाटे टाकायचे, कारण गरम तेलात ती काही क्षणांतच करपून काळपट होते आणि तोच काळपटपणा सगळ्या भाजीला येतो. ५ मिनिटं झाकण ठेव, मग काढून टाक आणि मधूनमधून उलथत कडा तांबूस होईपर्यंत परत. मीठ आणि तिखट शेवटी. मीठ आधी घातलं तर बटाट्याला पाणी सुटतं, तिखट आधी घातलं तर ते जळतं. तुझ्या मैत्रिणींना तिखटाची सवय नसेल तर ब्याडगी मिरचीचं तिखट वापर, त्याला लाल रंग भरपूर आणि झणका कमी असतो. एवढ्यानेच तोच बटाटा वरणाच्या शेजारी लालसर-तपकिरी दिसू लागेल.

आता ताटाची डावी बाजू. आपल्याकडे मीठ वरती मधोमध वाढतात. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, आणि जेवणाऱ्याच्या समोर भात. घरोघरी थोडाफार फरक असतो, पण डावं-उजवं सहसा बदलत नाही. आपण उजव्या हाताने जेवतो. पुन्हा पुन्हा घ्यायचे, पोट भरायचे पदार्थ त्या हाताशी असतात आणि जिभेला चव आणणारे, अधूनमधून बोटाने घ्यायचे पदार्थ डावीकडे. रंगाचं गणितही इथेच सुटतं, कारण पोटभरीचे पदार्थ बहुतेक पांढरे, पिवळे नाहीतर तपकिरी असतात आणि हिरवा, लाल, केशरी हे रंग डावीकडच्या चमचा-चमचाभर पदार्थांत असतात. तुझं ताट पिवळं दिसतं याचं खरं कारण मला वाटतं हेच आहे: तू उजवी बाजू पूर्ण वाढतेस आणि डावी मोकळी सोडतेस.

आणखी एक गोष्ट. ही मांडणी केळीच्या पानावर फार उठून दिसते, कारण खालचं पानच हिरवं असतं. पांढरा भात, पिवळं वरण, सगळं त्यावर उजळतं. स्टीलच्या ताटातही भात वेगळा दिसतो. पण तुमच्याकडे पांढऱ्या चिनी मातीच्या प्लेटा आहेत आणि त्यांत भात आणि दही दोन्ही हरवतात. पानाने जो हिरवा रंग दिला असता तो तिथे तुला स्वतःला द्यावा लागेल, म्हणून शनिवारी हिरवी चटणी चुकवू नकोस.

चटणीला मूठभर कोथिंबीर कोवळ्या देठांसकट, २ हिरव्या मिरच्या, पाव वाटी ओलं खोबरं, थोडं जिरं, मीठ, चिमूटभर साखर. गोठवलेलं खोबरं आधी बाहेर काढून ठेव. वाटताना पाणी थंडगार घे आणि मिक्सर थांबत थांबत फिरव, फार वेळ सलग फिरवला की भांडं तापतं आणि रंग उतरतो. लिंबू मात्र वाटताना पिळू नकोस. पानांतलं हिरवं द्रव्य आंबटाने मंदावतं आणि हळूहळू शेवाळी होतं, म्हणून दुपारी लिंबू घालून ठेवलेली चटणी संध्याकाळी मळकट दिसते. वाढायच्या वेळी पिळ. खोबरं जास्त झालं तर चटणी फिकी होते, तेव्हा वाटीऐवजी पाव वाटी लिहिलंय ते मुद्दाम.

हिरव्या भाजीलाही हाच नियम लागतो, पुढे कधी फरसबी किंवा पालक करशील तेव्हा लक्षात ठेव. भाजी शिजताना तिच्यातलं आंबट वाफेबरोबर थोडं निघून जातं. झाकण घट्ट लावलंस तर ते आतच राहतं आणि भाजी शेवाळी पडते. पहिली काही मिनिटं उघडीच शिजव, चिंच-आमसूल शेवटी घाल. कोणी खायचा सोडा घालायला सांगेल. त्याने भाजी हिरवीगार राहते, पण तिचा लगदा होतो आणि जीवनसत्त्वंही जातात, मला ते मुळीच पटत नाही. शिवाय हळद आणि सोडा एकत्र आले तर हळद लालसर होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात, त्यातही हेच घडतं.

कोशिंबिरीसाठी तुझ्या मनात बीट असणार, कारण रंग सर्वांत देखणा त्याचाच. पण या ताटासाठी मी गाजर घेईन. बिटाचा रंग पाण्यात विरघळतो. मीठ लागलं की बिटाला पाणी सुटतं आणि ते गुलाबी पाणी सपाट प्लेटमधून थेट भाताखाली जातं. भात एकदा गुलाबी झाला की ताटाचा घोळ झालाच. गाजराचा केशरी रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, त्यामुळे गाजराला पाणी सुटलं तरी ते जवळजवळ रंगहीन असतं. २ गाजरं किस, त्यात २ चमचे दाण्याचं कूट, साखर, वर जिरं-मोहरीची फोडणी, हळदीशिवाय. मीठ आणि लिंबू वाढायच्या आधी ५ मिनिटं. कूट जास्तीचं पाणी शोषून घेतं, म्हणून ते आधीच मिसळून ठेवलं तर चालतं.

बीटच करायचं असेल तर अख्खं, सालासकट, देठाचा बुडखा आणि शेपटी न कापता उकड, म्हणजे रंग उकडण्याच्या पाण्यात जाणार नाही. दही घट्ट घे, आयत्या वेळी कालव आणि कोशिंबीर छोट्या वाटीतच वाढ. दुकानात शिजवलेलं बीट पाकिटात मिळतं, ते घेताना व्हिनेगरमधलं नाही ना एवढं वाचून घे, दह्याबरोबर ते फार आंबट लागतं.

भाताची मूद पाडायची तर तांदूळ कोणता आहे यावर सगळं आहे. बासमती मोकळा होतो, त्याची मूद ताटात येताच ढासळते. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी मिळाला तर उत्तम, एकाला दोन पाणी घालून शिजव आणि झाकण ठेवून १० मिनिटं वाफ मुरू दे. छोट्या वाटीला आतून पाण्याचा हात लाव, भात हलकाच दाब आणि ताटात उलटी कर. बासमतीच असेल तर मुदीचा हट्ट सोड, डावाने एक नीटस ढीग घाल. दोन्हीकडे महत्त्वाचं हे की वरण मुदीच्या माथ्यावरच घालायचं, अर्धा भात पांढरा राहिला पाहिजे. बाकीचं वरण वाटीत दे. तूप त्यावर, भात गरम असतानाच.

वाढताना डावीकडून सुरुवात कर. ते सगळं गार असतं, त्याला थांबायला हरकत नाही. मीठ, लिंबू, चमचाभर चटणी, लोणच्याची एक फोड, दोन-तीन चमचे कोशिंबीर. मग काचऱ्या, वरणाची वाटी, पोळीची घडी आणि सर्वांत शेवटी भात. पदार्थांमध्ये बोटभर जागा सोड. आजीच्या ताटात प्रत्येक पदार्थ आपल्या अंगणात राहतो. लोणच्याचा खार भाताकडे वाहणार नाही अशा बाजूला फोड ठेव. मग उभी राहून ताटाकडे वरून बघ. शेजारचे दोन पदार्थ मिळून एकच वाटत असतील तर त्यांची जागा बदल. गाजराची कोशिंबीर काचऱ्यांना लागून आली तर दोन्ही लाल-केशरी मिसळून जातात. मध्ये चटणी आली की दोन्ही सुटे दिसतात. काकडी-दह्याची कोशिंबीर असती तर ती भातापासून दूर हवी होती.

कोथिंबीर सगळ्यावर भुरभुरवू नकोस. वरण, भाजी, कोशिंबीर तिन्हींवर ती पडली की तिन्ही सारखीच दिसायला लागतात. काचऱ्यांवर थोडी घाल, तिथे हिरवा रंग तांबूस रंगावर उठतो. गोडं वरण तसंच राहू दे.

आणि एखाद्या दिवशी एवढं करायला वेळ नसेल, नुसती मुगाची खिचडीच असेल, तर हळद तिच्यात राहू दे. वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर, शेजारी भाजलेला पापड, लोणच्याची फोड आणि किसलेलं गाजर, एवढ्यावर ते ताट भागतं.

गोठवलेलं खोबरं शुक्रवारीच आणून ठेव, शनिवारी ते संपलेलं असतं.

बाबा