तीस दिवसांची उधारी आणि हुकलेलं सूत

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. 3 तारखेला मी चार सूतगिरण्यांना ईमेलवर एन्क्वायरी पाठवली. त्यात वीस नंबरचं दुपदरी कार्डेड कॉटन सूत, 8,000 किलो, पंधरा दिवसांत डिलिव्हरी आणि माल मिळाल्यापासून तीस दिवसांनी पेमेंट असं सगळं स्पष्ट लिहिलं होतं. कोइमतूरच्या एका गिरणीने 6 तारखेला किलोला 228 रुपयांचं कोटेशन दिलं, सात दिवस वैध. मुदत संपायच्या आत, 11 तारखेला, मी पर्चेस ऑर्डर पाठवली. दलाल म्हणाला, "होऊन जाईल शेठ." 16 तारखेला गिरणीचा फोन आला की भाव वाढले, या दराने जमणार नाही. मला इथल्या व्यापाऱ्याकडून 243 रुपयांनी सूत घ्यावं लागलं. माल उशिरा झाला म्हणून मुंबईच्या निर्यातदाराने विमानाने पाठवण्याचा खर्च, 2,60,000 रुपये, माझ्या बिलातून कापला. गिरणीवर एकूण 3,80,000 रुपयांचा दावा लावायचा आहे. माझी उद्यम नोंदणी आहे. एमएसएमई कौन्सिलकडे जाऊ की कोर्टात?
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर: तुमचा प्रश्न कुठे जायचं हा आहे, पण त्याआधी करार झाला होता का ते बघावं लागेल. तुम्ही जोडलेल्या कोटेशनच्या तळाशी, जीएसटीच्या ओळीखाली, बारीक अक्षरात छापलंय: "पेमेंट: प्रोफॉर्मावर शंभर टक्के आगाऊ. दर एक्स-मिल." तुमच्या पर्चेस ऑर्डरमध्ये लिहिलंय: "पेमेंट आमच्या एन्क्वायरीप्रमाणे, तीस दिवस." तुमचं सगळं प्रकरण या दोन ओळींवर उभं आहे, किंवा आडवं झालंय म्हणा.

एन्क्वायरी कितीही सविस्तर असली तरी कायद्याच्या दृष्टीने तो प्रस्ताव नसतो. "या मालाला तुम्ही काय भाव द्याल" एवढंच ते विचारणं असतं. म्हणूनच ती एका वेळी चौघांना पाठवता येते. तोच प्रस्ताव धरला असता आणि चारही गिरण्यांनी हो म्हटलं असतं, तर तुमच्या दारात 32,000 किलो सूत येऊन पडलं असतं. प्रस्ताव असतो तो गिरणीचं कोटेशन. त्याला तुम्ही जे उत्तर देता त्यावर करार होतो किंवा होत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 7 नुसार स्वीकृती संपूर्ण आणि बिनशर्त हवी. दर त्यांचा आणि उधारी आपली असं मिसळून पाठवलं की ती स्वीकृती राहत नाही, तो तुमच्या बाजूने केलेला नवा प्रस्ताव होतो. तो स्वीकारायचा की नाही हे गिरणीच्या हातात राहतं, आणि गप्प राहणं म्हणजे स्वीकारणं नव्हे. 11 ते 16 तारखेपर्यंत गिरणी गप्प होती. तेव्हा तुम्ही एक फोन करून "ऑर्डर मान्य आहे ना, ईमेलने कळवा" एवढं विचारलं असतं, तर निदान ही पाच दिवसांची वाट पाहणी वाचली असती.

तुमचा युक्तिवाद मला दिसतोय, कारण असे प्रश्न घेऊन येणारे बहुतेकजण तोच करतात: गिरणीने कोटेशन माझ्या एन्क्वायरीला उत्तर म्हणून दिलं, वर संदर्भ क्रमांकही टाकला, मग माझ्या तीस दिवसांच्या अटीला ती बांधील का नाही? कोटेशन पेमेंटबद्दल गप्प असतं तर मी हा मुद्दा कोर्टात जोराने मांडला असता, आणि चाललाही असता. पण ते गप्प नाही. एन्क्वायरीतली एक अट आणि कोटेशनमधली दुसरी यांची टक्कर झाली की प्रस्तावात कोटेशनचीच अट उरते. संदर्भ क्रमांक एवढंच सांगतो की कागद कशाबद्दल आहे.

सात दिवसांच्या मुदतीवरही फार भिस्त ठेवू नका. मुदत संपल्यावर प्रस्ताव संपतो हे खरं, पण मुदत आहे तोवर तो मागे घेता येत नाही असं नाही. ती मुदत राखण्यासाठी तुम्ही काही मोबदला दिला नसेल, तर तुमची बिनशर्त स्वीकृती निघायच्या आत गिरणी तो कळवून मागे घेऊ शकते. तुमच्या बाबतीत तर तिला मागे घ्यायचीही गरज पडली नाही. तुमच्या 11 तारखेच्या ऑर्डरनेच तिचा प्रस्ताव निकाली काढला. 12 तारखेला तुम्ही "बरं, आगाऊ देतो" म्हणाला असता, तरी मुदतीत एक दिवस बाकी असूनही गिरणी नाही म्हणू शकली असती. इंग्लंडमध्ये 1840 साली हाइड विरुद्ध रेंच खटल्यात हेच झालं. शेत 1,000 पौंडाला देऊ केलं होतं, घेणाऱ्याने 950 म्हटलं, मालकाने नाकारलं, मग तो 1,000 ला तयार झाला. कोर्ट म्हणालं, आता करार नाही.

फरक एवढाच की नुसतं विचारणं वेगळं. "तीस दिवसांची उधारी मिळेल का?" असं विचारलं असतं तर प्रस्ताव जिवंत राहिला असता. तुम्ही विचारलं नाही, ऑर्डरमध्ये लिहून टाकलं.

मग हातात काहीच नाही का? एक धागा आहे, तो ओढून बघा. 11 तारखेनंतर गिरणीने काही केलं का: प्रोफॉर्मा पाठवला, डिस्पॅचची तारीख दिली, गाडीसाठी पत्ता किंवा तुमचा जीएसटी क्रमांक मागितला? अशा कृतीतून स्वीकृती दिसू शकते. मात्र प्रोफॉर्मावर "शंभर टक्के आगाऊ" असेल आणि तुम्ही पैसे भरले नसतील, तर तो कागद तुमच्याऐवजी गिरणीच्याच कामी येईल. दलालाचं म्हणाल तर "होऊन जाईल" म्हणजे "झालं" नव्हे. त्याने गिरणीच्या वतीने सौदा पक्का केल्याचा मेसेज असेल, आणि आधीचे सौदे गिरणी त्याच्या शब्दावर पाळत आली असेल, तर गिरणीने त्याला तो अधिकार दिल्याचा देखावा निर्माण केला असं म्हणता येईल. मागची चार-पाच बिलं काढा आणि प्रत्येक वेळी सौदा कुणी, कसा पक्का केला ते बघा. व्हॉट्सॲपचे मेसेज फोनवरून उडवू नका. नुसत्या स्क्रीनशॉटने भागत नाही, भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं.

आता रक्कम. समजा तो धागा पक्का निघाला, तरी 3,80,000 हा आकडा टिकणार नाही. तुम्ही 243 मधून 228 वजा केले, पंधरा रुपये, गुणिले 8,000, म्हणजे 1,20,000. पण 228 हा गिरणीच्या दारातला, आगाऊ पैशाचा भाव. 243 हा तुमच्या दारात, तीस दिवसांच्या उधारीवर. तुमच्याच पत्रात कोइमतूरहून भाडं किलोला चार रुपये धरलंय. बँकेचं व्याज वर्षाला 12 टक्के धरलं तर महिन्याची उधारी 228 वर 2 रुपये 28 पैसे पडते. म्हणजे ते सूत तुम्हाला 234 रुपये 28 पैशांना पडलं असतं. फरक 8 रुपये 72 पैसे, आणि 8,000 किलोला 69,760 रुपये. आणि 243 हा त्या दिवसाचा बाजारभावच होता हेही दाखवावं लागेल, कारण नुकसानभरपाई बाजारभावावर मोजतात, तुम्ही घाईत काय मोजलं त्यावर नाही.

विमानभाडं आणखी अवघड. कलम 73 प्रमाणे असं खास नुकसान मिळायचं तर करार करतानाच समोरच्याला ते ठाऊक हवं. तुमच्या एन्क्वायरीत डिलिव्हरी पंधरा दिवस एवढंच आहे. ते सूत कोणत्या ऑर्डरसाठी, माल जहाजावर कधी चढायचा, उशीर झाला तर कोण काय कापेल, यातला शब्दही नाही. गिरणी म्हणेल, आम्हाला वाटलं गोदामात साठा करायला घेताहेत.

मग कुठे जायचं? कौन्सिलकडे नाही. एमएसएमई कायद्याची ती सोय माल पुरवणाऱ्याचे पैसे खरेदीदाराने थकवले तर आहे. या व्यवहारात तुम्ही खरेदीदार आहात, उद्यम नोंदणी इथे उपयोगाची नाही. दावा तीन लाखांच्या वर नेलात तर तो व्यापारी वाद ठरतो आणि तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम 12-अ खाली आधी मध्यस्थी सक्तीची आहे. तिला तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. गिरणी फिरकलीच नाही तर तसा अहवाल घेऊन दावा. विमानभाडं सोडलं तर तुम्ही साध्या दिवाणी न्यायालयात येता, आणि तिथे सत्तर हजारांसाठी किती तारखा पडतात हे सोलापूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या कुणालाही विचारा.

शिवाय "वाद कोइमतूर न्यायालयाच्या अखत्यारीत" हीसुद्धा त्याच बारीक अक्षरांतली ओळ. तुम्हाला करार शाबित करायचा तर याच कोटेशनवर करावा लागेल, आणि मग ही अटही तुमच्या गळ्यात येईल. "फक्त" हा शब्द तिथे नाही म्हणून सुटका होईल असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली स्वस्तिक गॅसेस प्रकरणात तो शब्द नसतानाही अशी अट लागू धरली. एक्स-मिल डिलिव्हरीमुळे सोलापूरचा दुवाही कमजोर होतो.

म्हणून माझं मत: दलालाच्या मेसेजमध्ये "पक्का" किंवा तत्सम शब्द सापडला नाही, तर नोटिशीवर पैसे घालवू नका. सापडला तर 69,760 पुरती एक नोटीस द्या आणि तडजोडीत पुढच्या सौद्याला भावात सूट मागा. व्यापार पुढे चालू ठेवायचा असेल तर गिरणी तेवढं ऐकेल असं वाटतं, खात्री देत नाही.

पुढच्या एन्क्वायरीत मात्र हे वाक्य घाला: "आमच्या पेमेंट किंवा डिलिव्हरीच्या अटींपेक्षा काही वेगळं असल्यास कोटेशनच्या पहिल्या पानावर वेगळं लिहावे." त्याखाली सूत कोणत्या तारखेच्या शिपमेंटसाठी लागतंय तेही लिहा. कोटेशन आल्यावर अटी जुळत नसतील तर ऑर्डर न देता सुधारित कोटेशन मागवा. अटी शब्दशः जुळल्यावरच पर्चेस ऑर्डर पाठवा, आणि तीवर गिरणीची सही-शिक्का असलेली प्रत दोन दिवसांत मागा. ती आली नाही तर तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गिरणीला फोन करा. बाकीच्या तिघांची कोटेशनं तोवर फेकून देऊ नका.